मधली वर्षं गेली कुठं

अनिताचं आणि तिच्या साहेबांचं भांडण मी ऐकलं, त्याला आता तीनेक वर्षं झाली. हिवाळा होता. मी ओट्यावर पावटा सोलत बसले होते आणि सूनबाई, म्हणजे अनिता, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. शनिवारी ती घरूनच काम करते. फोन स्पीकरवर ठेवलेला. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला कळतं, पण स्पीकर मी लावला नव्हता.

"अनिता मॅडम, त्या माणसाचा अनुभव दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. आपल्याला पाच पाहिजेत. रिजेक्ट करा आणि पुढं चला," साहेब म्हणाले. हरिहर त्यांचं नाव.

"सर, दोन वर्षं तो तपासणीत सिनियर इन्स्पेक्टर आहे. त्याच्या आधी तो काय करत होता ते बघितलं का कुणी?"

"आधी लेबर सप्लायवाल्याकडं होता ना. ते कशाला धरायचं?"

माझा हात तिथंच थांबला. आमच्या चाकणकडं निम्मी माणसं ठेकेदाराच्या नावावरच कंपनीत शिरतात. आमच्या जमिनी एमआयडीसीत गेल्यावर माझे दीर मारुतराव असेच शिरले होते. गेट तेच, मशीन तेच, घाम तोच, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं. आणि हा बाबा म्हणतो, ते कशाला धरायचं.

अनिताबद्दल आधी थोडं सांगते. आळंदीची पोरगी, बाप शाळेत शिपाई. लग्न होऊन आली तेव्हा बी. कॉम. होती, पुढं आमच्या घरातूनच आकुर्डीच्या कॉलेजात जाऊन माणसं नेमायचं शिक्षण घेतलं. तेव्हा भावकीत कुजबूज झाली की सून आता फायली घेऊन हिंडणार. हिंडली. चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात एचआरमध्ये लागली. स्वभाव असा, की भाजीवाल्यानं चुकून मूठभर जास्त घातलं तरी परत करते आणि कमी घातलं तर सगळ्या बाजारासमोर मागून घेते. तिच्याबरोबर बाजारात जायला मला पहिली दोन वर्षं लाजच वाटायची.

तर त्या दिवशीची भानगड अशी. कारखान्याला तपासणीसाठी माणूस हवा होता, म्हणजे तयार झालेला भाग मापात आहे का हे बघणारा. अट अशी की तपासणीच्याच कामाची पाच वर्षं पाहिजेत. अर्ज चाळायचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलेलं. त्यांनी जयसिंग नावाच्या माणसाला काढून टाकलं आणि अनिश नावाच्या पोराला सोमवारच्या मुलाखतीला वर चढवलं. जयसिंगची सध्याची कंपनी आपली लाइन दुसऱ्या राज्यात हलवत होती. महिनाअखेरीस तो घरी बसणार होता, चाळिशीला आलेला माणूस.

साहेबांनी फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "मला समजंल असं सांग. मी चौथीत शाळा सोडल्याली बाई."

"आई, हा जयसिंग एकाच कारखान्यात साडेदहा वर्षं आहे," ती म्हणाली. "आधी चार वर्षं मशीनवर. मग तपासणीला. मग तपासणीतच वरची जागा. एजन्सीनं फक्त सगळ्यात वरची ओळ वाचली. आत्ताचं पद दोन वर्षांचं, म्हणून अनुभव दोन वर्षं."

"आन् मधली वर्षं?"

"ठेकेदाराच्या नावावर, म्हणून सोडून दिली. कंपनीत घेतल्यावरचीही पहिली दोन सोडली, कारण पदाचं नाव वेगळं."

"म्हंजी माझी बढती झाली तर आधीचा सैपाक मी केलाच न्हाई व्हय?"

ती हसली, पण रागातच हसली.

मग तिनं जयसिंगलाच फोन लावला. तपासणीला नेमका कुठल्या महिन्यात गेलास, कागदावर काय आहे, सगळं विचारलं. मग त्याच्या कारखान्याच्या एचआरला. तिकडच्या बाईंनी नोंद बघून महिना सांगितला, तो जुळला. मला वाटलं झालं, आता बेरीज करायची. अर्जाला जोडलेल्या ठेकेदाराच्या पत्राप्रमाणं तपासणीची तीन वर्षं, कंपनीच्या पत्राप्रमाणं चार.

"सात झाली की गं," मी म्हणाले.

"नाही आई, साडेसहा." तिनं कागदावर दोन रेघा मारल्या, एकीखाली एक. दुसरी रेघ पहिली संपायच्या आधीच सुरू होत होती. "ठेकेदारानं त्याचा ठेका संपल्याची तारीख घातली. जयसिंग त्याच्या सहा महिने आधीच कंपनीत गेला होता. ते सहा महिने दोन्ही पत्रांत आहेत, पण तो ते जगला एकदाच."

"अगं, गरीब माणूस हाय, असूं दे की सात."

"आणि तो अनिश? त्यानं भोसरीत एका वर्कशॉपला तीन वर्षं सोमवार ते शनिवार तपासणी केली, आणि त्याच तीन वर्षांत रविवारी दुसऱ्या वर्कशॉपला. एजन्सीनं तीन आणि तीन सहा केले. याचे जास्तीचे सहा महिने चालवून घेतले तर त्याची तीन वर्षं कुठल्या तोंडानं कापू?"

मी परत पावटा सोलायला लागले.

तिनं साहेबांना पुन्हा फोन लावला. आता साहेबांचा सूर एकदम गोड.

"बरं बाबा, एवढं लागलंय तर त्या जयसिंगची पूर्ण साडेदहा धरा. मग झालं ना समाधान?"

"नाही सर. मशीनवरची चार वर्षं तपासणीची नाहीत. साडेसहा."

"अहो, मी वाढवून देतोय."

"मला वाढवून नको, बरोबर पाहिजे. आणि अनिशची तीन होतात. अट पाचाची आहे."

"त्याला मी बोलावलंय सोमवारी. आता नाही म्हणायला कसं वाटतं?"

"जयसिंगला नाही म्हणताना कसं वाटलं?"

साहेब म्हणाले, "मॅडम, हे एजन्सीच्या सिस्टमनं मोजलंय."

काय संताप आला मला. माणसाच्या पोटावर पाय द्यायचा आणि बोट दाखवायचं यंत्राकडं. यंत्राला कुणी सांगितलं वरचीच ओळ वाच म्हणून? साहेबांची स्वतःची बढती झाली तेव्हा त्यांची आधीची वर्षं कुणी पुसली होती का? मी बोलणार होते, अनितानं हातानं थांबवलं.

"अट तीन वर्षांची करायची असेल तर करू," ती म्हणाली. "पण मग सगळे अर्ज परत काढायचे, तीन वर्षं असून ज्यांना नाकारलं त्यांनाही बोलवायचं. एकट्या अनिशसाठी नाही. मी दोघांचा हिशोब मेल करते, प्लँट हेडनाही पाठवते. चुकला असेल तर दाखवा."

"प्लँट हेड कशाला मध्ये?" साहेब पुटपुटले. ते साहेबांचेही साहेब. मग म्हणाले, "बोलवा तुमच्या जयसिंगला. अनिशला तुम्हीच सांगा."

तिनं सांगितलं. पोरगं चिडलं. मी दोन जागी राबलो ते फुकट का, म्हणालं. फुकट नाही, ती म्हणाली, दोन प्रकारचं काम शिकलास, ते लिही. पण वर्षं तीनच. पुढं दोन वर्षांनी अर्ज कर, मी स्वतः बघेन. मला त्या पोराचंही वाईट वाटलं. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. बेरीज दुसऱ्यानंच केली होती.

सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून अनिता घरात आली, चप्पल काढली नाही.

"घेतलं त्याला," म्हणाली. "हातात भाग दिले, मापं बरोबर काढली. साहेब सगळ्यांना सांगत होते, हा माझा शोध."

"आन् तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? रुजू व्हायची तारीख टाइप केली. एजन्सीचे बाकीचे अर्ज उद्यापासून मीच परत बघणार आहे."

मी त्या साहेबांना मनातल्या मनात जे काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोवर तिनं कोपऱ्यातला ज्वारीचा डबा उचलला, पिशवीत घातला आणि सोमवारचं दळण आणायला गिरणीकडं निघाली. मागच्या वेळी जाडं दळलं होतं म्हणून गिरणीवाल्या धोंडीबाशी भांडायचं होतं तिला.