कोपरा की कड

माझा दादा गणिताचा मास्तर. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी दहावीत होतो तेव्हा तो आमच्याच शाळेत नव्यानं लागला होता. पुढचा विचार करून खेळणं म्हणजे काय, हे वर्गाला दाखवायचं म्हणून एका दुपारी त्यानं मला फळ्यापाशी बोलावलं आणि फुली-गोळ्याची चौकट आखली.

पहिली फुली त्याची, कोपऱ्यात. मी मधलं घर घेतलं. त्यानं तिरका समोरचा कोपरा घेतला. मी उरलेल्या दोनांपैकी एका कोपऱ्यात गोळा मांडला. कोपरा भारी असतो, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यानं राहिलेला कोपरा घेतला. माझी तिरकी ओळ अडली ती अडलीच, वर त्याच्या दोन ओळी एकदम पुऱ्या व्हायला आल्या. एक अडवावी तर दुसरीत तो जिंकतो. याला तो कैची म्हणायचा.

पाच डाव झाले. पाचही वेळा तीच कैची, पाचही वेळा मी कोपराच घेतला.

“सर, सहावा डाव!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

“कशाला? आमच्या घरातलं डोकं आहे, मला माहितीय. सहाव्यांदाही हेच होणार. हवं तर वहीत लिहून घ्या.”

काहींनी खरंच लिहून घेतलं. वर्षभर मला ‘सहावा डाव’ म्हणत होते.

त्या सुट्टीत मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शेकडो चौकटी आखल्या. उत्तर सापडायला चार दिवस लागले. कोपरा नाही, कडेचं घर. गोळा मधे आणि एक कडेला असला, की समोरच्या कडेवर ओळ पुरी होण्याची धमकी बसते. फुलीवाल्याला तिथं धावावंच लागतं, कैची रचायला सवड मिळत नाही. मग त्यानं अडवायचं, आपण अडवायचं, आणि शेवटी बरोबरी. आपल्याला जिंकता येत नाही, पण समोरच्याला आपल्याला हरवताही येत नाही.

“दादा, एक डाव?” मी विचारलं.

“फुली-गोळा? वय काय तुझं?” तो म्हणाला आणि पेपर तपासत बसला.

उत्तर माझ्यापाशी तसंच राहिलं. पुढे मी गणित सोडलं, छापखान्यात लागलो, वारज्यात घर केलं. दादा कसबा पेठेतच राहिला. सणावारी भेटत होतो, गोड बोलत होतो. मी विसरलो असेन, असं त्याला वाटलं असणार. मुळात त्याला आठवतच नसणार, आणि राग मला त्याचाच जास्त होता.

यंदा फेब्रुवारीत दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द अडकायला लागले. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “रोज कुणीतरी यांच्याशी फुली-गोळा खेळा. पेन धरायची सवय होईल, आणि पुढची खेळी योजायचीही.”

“मी येतो,” मी म्हणालो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. कामावरून थकून येऊन रोज एवढ्या लांब कोण येतं, म्हणाल्या.

मी थकत नव्हतो. त्या गल्ल्यांतून मी अक्षरशः पाय उचलून चालायचो. आमच्या घरी लहानपणापासून रिवाज आहे, पहिली खेळी धाकट्याची; वर्गात तेवढी ती मास्तरांची होती. पहिल्याच दिवशी मी फुली कोपऱ्यात मांडली. दादानं बराच वेळ लावून मधे गोळा काढला, वाकडा, फुटलेल्या बांगडीसारखा. मी तिरका कोपरा घेतला आणि थांबलो.

त्यानं कोपरा घेतला.

खरं सांगायचं तर असं सुख मला दुसऱ्या कशानंच झालेलं नाही. शेवटचा कोपरा मी मुद्दाम सावकाश घेतला. त्याची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, परत आली. कैची आहे हे त्याला दिसत होतं. ती आधी कुठं मोडायची, ते काही केल्या सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. कधी मी सुरुवातीचा कोपरा बदलायचो, डाव तोच.

“अहो भाऊजी, एखादा त्यांना जिंकू द्या की,” वहिनी दारात येऊन हळूच म्हणाल्या.

“खोटं जिंकवलेलं त्याला कळतं, वहिनी. मास्तर आहे तो.”

इतकं चांगलं उत्तर मला ऐन वेळी कसं सुचलं, कोण जाणे. वहिनींना ते पटलं.

एप्रिल संपत आला तेव्हा दादा बरंच बोलायला लागला होता. नोकरीची दोन वर्षं उरली होती. मुख्याध्यापिकेचा फोन आला, जूनमध्ये हलके वर्ग देऊ, या. व्यायामाच्या बाईही म्हणाल्या, जायला हरकत नाही. दादा मात्र ऐकेना.

“फुली-गोळ्यात... हरतो मी,” तो म्हणाला. “रोज. मुलांसमोर काय... उभा राहू?”

“अरे, तो खेळ आहे,” मी म्हणालो.

“पुढचं दिसत नाही मला. तेच तर... शिकवायचं असतं.” मग माझ्याकडे कागद सरकवला. “माझा हात चालत नाही. तू लिही. स्वेच्छानिवृत्ती.”

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, कोपरा नको घेऊस, कड घे. चार-पाच शब्द. कागद पुढ्यात होता, पेन माझ्या हातात होतं. मला तो वर्ग आठवला, ती हसणारी तोंडं आठवली. मी अर्ज लिहिला. चांगल्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्यानं डाव्या हातानं सही केली. शाळेत नेऊन दिलाही मीच. मे महिन्यात मंजुरीचं पत्र आलं.

पत्र आल्यावर चौथ्या दिवशी दादानं कडेला गोळा मांडला.

मी बघतच राहिलो. समोरच्या कडेवर मला फुली मांडावी लागली. त्यानं खालचा कोपरा अडवला, मी वरचा, त्यानं राहिलेली एक कड, मी दुसरी. चौकट भरली. बरोबरी. त्यानं दुसरी आखायला लावली. पुन्हा बरोबरी. तिसरी, चौथी.

“तुला... माहीत होतं हे?” त्यानं विचारलं.

“काय?”

“कडेचं घर.”

“नाही रे,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम खुलला. उशी पाठीशी ओढून तो ताठ बसला आणि मला शिकवायला लागला. पाऊण तास. शब्द अडकले की बोटानं दाखवायचा. आधी दोन्ही ओळी बघायच्या, मग त्या जुळण्याआधी समोरच्याला कामाला लावायचं, म्हणजे त्याला कैचीला सवड मिळत नाही. इतक्या शांतपणे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मधे थांबून विचारायचा, “समजलं? नाही तर... पुन्हा सांगतो.”

“पुन्हा सांग,” मी म्हणालो. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून कागदाकडे बघत बसलो.

वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, अर्ज मागं घेता येतो का हो भाऊजी? विचारून बघाल?”

मी दुसऱ्याच दिवशी विचारून आलो. जागा भरली गेली होती.

दादाला ते सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे. तू येतोस ना?” आणि पहिली फुली मधे मांडली तर काय होतं, ते दाखवायला घेतलं. तेही मला त्याच सुट्टीपासून माहीत आहे. मी जातो, समोर बसतो आणि नीट ऐकून घेतो. खरं काय ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.