लांबवला

‘चोरल्याचे कबूल केले’ हे शब्द मी निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिले आणि स्वतःवर खूश झालो. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कारकुनी. तीन वाक्यांचं एक करायची कला रक्तातच आहे. फक्त समोरच्या माणसानं ते वाक्य उच्चारलं नव्हतं, एवढीच काय ती चूक.

मी कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो. स्टोअरमधला रबरी पाईप गायब झाला होता आणि गंगापूरकडच्या एका फिटरला तो खांद्यावर टाकून नेताना कुणीतरी पाहिलं होतं. पुढच्याच महिन्यात तो कायम व्हायचा होता. चोरीचा शिक्का बसला तर कायम होणं दूरच, गेटच्या बाहेर. म्हणून आधी प्राथमिक चौकशी. चौकशीला लेखा विभागाच्या मॅडम, फिटरच्या सोबतीला युनियनचा एक मिश्यावाला, आणि लिहायला मी.

मॅडमनी विचारलं, “स्टोअरमधला पाईप तुम्ही घेतला का?”

“व्हय मॅडम,” फिटर म्हणाला, “म्या लांबवला की.”

मिश्यावाल्यानं डोळे मिटून घेतले. इतकं सरळ उत्तर मी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. भरून येऊन मी ते निळं वाक्य लिहून टाकलं.

“स्टोअरला मागणीची स्लिप दिली होती?”

“नाय. स्टोअरवाले चहाला गेल्ते. सुपरवायझर रजेवर. कुणाला इचारू?”

मॅडमचा आवाज उतरला. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. रिवाजाप्रमाणे मी जबाब मोठ्यानं वाचायला घेतला. ऐकून पटलं तर त्यानं सही करायची, नाही तर दुरुस्ती सांगायची. ‘चोरल्याचे’पर्यंत आलो आणि फिटर खुर्चीतून उठलाच.

“चोरला? कुणी चोरला?”

“तुम्हीच म्हणालात ना?”

“म्या म्हनलं लांबवला!”

“लांबवला म्हणजे चोरलाच की हो.”

“आवं, आधीचा पाईप हौदापोत्तर पोचंना! त्याला ह्यो दुसरा जोडला. आखूड व्हता, लांब केला. लांबवला!”

मिश्यावाल्यानं आता डोळे उघडले. “साहेब, मराठी शाळा कुठली तुमची? आमच्या मानसाची नोकरी लांबवत व्हता तुम्ही.”

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ते जे बोलले तेच लिहा. चोरी झाली की नाही, ते तुम्ही ठरवायचं नाही. मीही आज ठरवणार नाही.”

मी ‘चोरल्याचे कबूल केले’वर एकच रेघ मारली. खालचं वाचता यायला हवं, म्हणून गिरवून काळं केलं नाही. शेजारी सगळ्यांच्या छोट्या सह्या. आणि अपराधी मनानं पुढे लिहिलं, ‘पाईप लांब केल्याचा दावा केला.’

“दावा?” मिश्यावाला गुरगुरला. “कोर्टात हाय व्हय आपण? दावा म्हनलं की वाचनाऱ्याला वाटतं, खोटं बोलतोय गडी.”

खोडलं. सह्या. मग मी भरपाई म्हणून लिहिलं, ‘त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले.’

“बिचारा कुणी म्हटलं त्यांना?” मॅडम.

“म्या तर नाय बा,” फिटर म्हणाला. “मी लई खाऊनपिऊन सुखी हाय.”

खोडलं. सह्या. एव्हाना तो कागद शहागंजातल्या भिंतीसारखा दिसायला लागला होता, पोस्टरावर पोस्टर. शेवटी उरलं ते असं: ‘“म्या लांबवला की.” अर्थ विचारला असता सांगितले, “आधीचा पाईप हौदापोत्तर पोचंना! त्याला ह्यो दुसरा जोडला.” स्लिप दिली का? “नाय.”’ एकही विशेषण नाही. आयुष्यात इतकं कोरडं मी कधी लिहिलं नव्हतं. फिटरनं ऐकून घेतलं, “आता मी बोलल्यावानी वाटतंय,” म्हणाला आणि सही केली.

मग आम्ही सगळे हौदावर गेलो. पाईप तिथं होता, क्लॅम्प लावून जोडलेला, पाणी ठिबकत. तेही लिहिलं: ‘ठिबकत होता.’ पुढे मॅडमच्या अहवालावरून त्याला स्लिप न दिल्याबद्दल तोंडी समज मिळाली, आणि महिनाभरात तो कायम झाला.

त्या दिवशी मी पुंडलिकनगरला घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. बायकोला सगळी हकीकत रंगवून सांगितली. शब्द कसा तटस्थ असावा, आपली भर कशी घालू नये, यावर थोडं भाषणही दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दही?”

दही मी विसरलो होतो. “अगं, चौकशी जरा लांबली.”

“लिहून घेते,” ती म्हणाली. “दही सांगितलं होतं. आणलं नाही. कारण विचारलं असता म्हणाले, लांबली. विसरभोळे, आळशी यातलं मी काही लिहीत नाही, माझी भर नको. सही करा आणि कोरडी खिचडी खा.”