सोमवारचे तास

वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना विणकरांचे माग चालतात. त्या खडखडाटात बसून मी एका डिझाइन ऑफिससाठी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचे. ग्राहक परदेशातला. त्याच्याकडून भागाचं संगणकावरचं मॉडेल आलं की काम, नाही आलं की नुसतं वाट बघणं.

शुक्रवारी मॉडेल यायचं आणि सोमवारी ड्रॉइंग हवं असायचं. म्हणजे शनिवार-रविवार मान वर न करता काम, आणि पुढचे तीन-चार दिवस रिकामे. टाइमशीट मात्र सोमवार ते शुक्रवार, रोजचे आठ तास मागायची. शनिवार-रविवारचे तास आधी परवानगी असेल तरच घ्यायची.

आमचे टीम लीड निपाणीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते म्हणाले, "आक्का, शनिवार-रविवारचे तास सोमवार ते गुरुवारात वाटून घाला की. बेरीज खरीच हाय न्हवं?"

मी घातले. पुढच्या आढाव्यात वरच्या साहेबांनी विचारलं, "साध्या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगला चार दिवस?" आणि मला 'कामात संथ' असा शेरा मिळाला. सुधारणा दिसली नाही तर करार संपणार होता. नवऱ्याचा माग महिनाभर बंद होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

त्या आठवड्यात मी शनिवार-रविवारची परवानगी आधीच मागून घेतली. टाइमशीट भरताना घडलं तसंच लिहिलं. सोमवारी: 'मॉडेल आलेलं नाही. सकाळी ग्राहकाला मेल, उत्तर नाही. प्रतीक्षा.' मंगळवारीही तेच. शनिवार-रविवारपुढे कुठल्या भागाचं ड्रॉइंग, किती बदल, ते लिहिलं.

अण्णांनी शीट परत पाठवली. मी तीच पुन्हा सादर केली, फक्त मेलच्या वेळा जोडल्या. त्यांचा फोन आला.

"आक्का, प्रतीक्षेच्या तासांचं बिल होत न्हाय. वर मी काय सांगू?"

"मी बसून होते, हेच सांगा अण्णा."

"तुमचंच नुकसान हाय ह्यात."

"संथ म्हणून जाण्यापेक्षा खरं लिहून गेलेलं बरं."

मागांच्या खडखडाटात फोन कधी ठेवला गेला ते मला कळलंच नाही. संध्याकाळी शीट मंजूर झालेली दिसली.

'संथ' हा शेरा काढला गेला. पण महिन्याच्या शेवटी कळलं, प्रतीक्षेचे एवढे तास बघता या कामाला पूर्णवेळ माणूस परवडत नाही. माझं नाव काढलं गेलं. खरं लिहून वाचेन असं मला कुठंतरी वाटत होतं, ते त्या दिवशी संपलं. शेजारच्या शहापूरपर्यंत चालत गेले आणि कशासाठी आले ते न आठवून परत फिरले.

पुढं अण्णांचा फोन आला. तुमच्या शीटा दाखवूनच ग्राहकाशी बोललो, म्हणाले. "आता मॉडेल सोमवारीच येतंय, आक्का."

"काम कोण करतंय?"

"हाय एक नवीन पोरगी."

"रविवारी सुट्टी मिळते तिला?"

"व्हय," ते म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून बसले.