मागच्या बाजूची चार भोकं

राईस मिलची मशीन बनवणाऱ्या गोंदियाच्या आमच्या कारखान्यात बाबा फिटर आणि मी ड्रॉइंग काढणारी. पॉलिशरच्या बेअरिंग प्लेटचं ड्रॉइंग कधी नव्हतंच. बाबा जुनी प्लेट नवीवर ठेवायचे, तिच्यातूनच भोकं मारायचे, चौतीसच्या चौतीस. मग एक दिवस शेठ मला म्हणाले, "ड्रॉइंग बना दो, नागपुर में सीएनसी पे करवा लेंगे." तिथलं संगणकावर चालणारं मशीन ड्रॉइंगच्या आकड्यांवरूनच भोकं मारणार. म्हणजे बाबांची सुट्टी. आणि ती द्यायची माझ्या हातानं! अस्सा राग आला होता.

भोकं बाबांनीच सांगितली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते बोलत गेले, मी लिहीत गेले. डाव्या खालच्या कोपऱ्याला शून्य धरून प्रत्येक भोकाचं अंतर तक्त्यात भरलं. A म्हणजे एम-दहाचे, दहा मिलिमीटरच्या बोल्टचे आटे, साडेआठचं ड्रिल आरपार, आटे वीस खोल. B म्हणजे अकराचं आरपार, वर अठराचं काउंटरबोअर, अकरा खोल, बोल्टचं डोकं बुडायला. C म्हणजे सहा पॉइंट सहाचं आरपार, चपट्या डोक्याच्या बोल्टसाठी नव्वद अंशाचं उतरतं काउंटरसिंक, वर तेराचं तोंड.

यातली चार काउंटरबोअर मागच्या बाजूनं होती. त्यांना D म्हणून वेगळी ओळ आणि 'मागील बाजूने' अशी टीप हवी होती. मी ती B मध्येच घातली. चुकून नाही, मुद्दाम. नागपूरच्या प्लेटी बसणार नाहीत, शेठ झक मारत बाबांना बोलावतील, एवढाच माझा हिशोब.

प्रिंट घेऊन बाबा खिडकीशी गेले. त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

"हे चार गोल तुटक रेघेचे पायजे. हे मांगून हायेत ना?"

"राहू द्या ना बाबा."

त्यांनी प्रिंट माझ्यासमोर टेबलावर पसरली. त्यांना कळलं होतं.

"काऊन करून राहिली असं? खाली काढणाऱ्याच्या रकान्यात तुयं नाव हाये. लोक म्हणतील, पोरीले काम येत नाही."

"तुमचं काम जाईल."

"माह्यं तं जाणारच हाये. तुयं काऊन घालवतं?"

मी D ची ओळ घातली, टीप लिहिली, गोल तुटक केले. रडत होते, म्हणून आकडे दोनदा तपासले.

पहिल्या प्लेटी आल्या तेव्हा बाबांचा शेवटचा आठवडा होता. त्यांनीच एक मशीनला लावली. चौतीस बोल्ट हातानंच फिरत आत गेले, एकही अडला नाही. मागच्या चार डोक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीचं ड्रॉइंग हाये."

मग जुनी प्लेट पुसून त्यांनी माझ्या टेबलाखाली ठेवली. ती अजून तिथंच आहे. पाय लागला की मी आजही तिला नमस्कार करते.