पत्ता न मिळालेली चौघं

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही सॉफ्टवेअरवाले. मी तिथे डेस्कटॉप सपोर्टला होतो. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचं नेट गेलं, की मला हाक. अमेरिकेतली मंदी पुण्यात पोचली ते वर्ष. मोठ्या कंपन्यांत माणसं काढतायत असं ऐकू यायचं. आमच्याकडे मात्र मॅनेजर रोज सांगत, आपलं कुटुंब आहे, घाबरायचं कारण नाही.

त्या सोमवारी सकाळी मी बॅग ठेवतो न ठेवतो तोच टेस्टिंगमधल्या एका मुलीने बोलावलं. ती वर्ध्याकडची. सदाशिव पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि दोन बस बदलून यायची. माझ्याशी तिचं चांगलं जमायचं, कारण मी काय करतोय ते ती नीट विचारून समजून घ्यायची. बाकीचे नुसते खुर्ची मागे सरकवून चहाला जात.

"बघा ना, नेट काऊन नाही चालून राहिलं? आज दुपारी डेमो आहे," ती म्हणाली.

तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला होता आणि त्याखाली 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी' अशी सूचना. मी तिच्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता बघितला. १६९.२५४ने सुरू होणारा होता. आमच्या ऑफिसचे सगळे पत्ते १९२.१६८ने सुरू होत. तिला अर्थ माहीत होता, मीच कधीतरी सांगितला होता. लॅपटॉप सुरू झाला की तो नेटवर्कवर ओरडून विचारतो, मला पत्ता कोण देतं? राउटरमधली डीएचसीपी सेवा उत्तर देते आणि एक पत्ता काही काळासाठी वापरायला देते. कुणीच उत्तर दिलं नाही, तर लॅपटॉप थोडा वेळ वाट बघून स्वतःच स्वतःला १६९.२५४चा एखादा पत्ता लावून घेतो. त्या पत्त्याने बाहेर जाता येत नाही. म्हणजे तो पत्ता दिसला, की समजायचं, तिथपर्यंत उत्तर पोचलेलं नाही.

आता उत्तर का पोचलं नाही हे शोधायचं. एवढ्यात आणखी तिघांनी हाका मारल्या. त्यांच्याकडेही तेच, तोच त्रिकोण. मला वाटलं, राउटरची ती सेवाच बंद पडली असणार. बाकीच्यांचं नेट चालू होतं, पण ते पुरावा नव्हे. ज्यांना आधी पत्ता मिळालाय त्यांचं मुदत संपेपर्यंत चालतंच. म्हणून मी कपाटातला एक जादा लॅपटॉप काढला, जो कित्येक महिने कुणी लावला नव्हता. तो त्या मुलीच्याच केबलला जोडला. क्षणात नवा पत्ता मिळाला.

म्हणजे सेवा चालू होती. वाटायचे पत्ते संपलेले नव्हते. केबल आणि भिंतीतलं सॉकेट ठीक होतं. मग तीच केबल पुन्हा तिच्या लॅपटॉपला लावली, पत्ता नव्याने मागितला. बराच वेळ काही नाही, आणि शेवटी मेसेज, की डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही. दुसऱ्या सॉकेटवर नेला, तेच. बाकी तिघांचंही तेच.

चार वेगवेगळे लॅपटॉप एकाच सकाळी एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून आलेला एक नंबर असतो आणि अमुक नंबरला उत्तर देऊ नकोस, असं राउटरला सांगता येतं. राउटर बिघडला नव्हता. कुणीतरी सांगितलेलं तो नीट ऐकत होता.

मी नेटवर्क बघणाऱ्या सीनियरकडे गेलो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "त्या चौघांचं काही दुरुस्त करायचं नाहीये. दुपारपर्यंत बघत असल्यासारखं कर."

मग त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. चौघांना आज काढायचं होतं. जाता जाता कुणी कोड मेल करून नेऊ नये, म्हणून रविवारीच राउटरमध्ये त्यांच्या लॅपटॉपचे नंबर अडवून ठेवले होते. कामावरून काढल्याची कागदपत्रं आणणाऱ्या एचआरच्या बाई बाणेरहून यायच्या होत्या, त्यांना उशीर होणार होता. तोवर चौघांनी काय करायचं? बसायचं. सपोर्टवाला बघतोय असं त्यांना वाटत राहिलं पाहिजे.

मी परत गेलो. ती अजून स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, राउटर गेला का? मी तिला बाहेर जिन्यात नेलं आणि सांगून टाकलं. मला ते अभिनयाचं काम जमणार नव्हतं.

ती रडली नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, क्लायंट ऑस्ट्रेलियातला आहे, डेमोचा चालणारा भाग तिच्याच लॅपटॉपवर आहे, मॅनेजरांकडे जुना आहे. डेमो चांगला झाला तर ते कदाचित विचार बदलतील.

"हाताने पत्ता टाकून देता?" तिने विचारलं.

टाकता येत होता. राउटर स्वतः वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा एक मोकळा पत्ता मी निवडला, गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा, राउटरचा पत्ता, आणि बाकीचे आकडे भरले. पत्ता मागायचाच नाही म्हटल्यावर राउटरच्या नकाराला काही अर्थ उरला नाही. त्रिकोण गेला.

दुपारी मॅनेजर काचेच्या खोलीत डेमोला बसले आणि पहिल्याच स्क्रीनवर अडकले. फोनवरचा क्लायंट तिचं नाव घेऊन विचारू लागला. ती जागेवरूनच, आपल्या लॅपटॉपवरून, त्या ऑनलाइन मीटिंगमध्ये शिरली आणि पुढचं सगळं तिने चालवून दाखवलं. मॅनेजरांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. पण क्लायंट खूश होता, म्हणून ते गप्प राहिले. शेवटी बाहेर येऊन त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. "उत्तम," ते म्हणाले. तिचा चेहरा क्षणभर उजळला.

त्याच वाक्याच्या शेपटाला धरून ते म्हणाले, "आता जरा आत या. लॅपटॉप इथेच राहू द्या."

ती आत असताना सीनियरनी तिच्या लॅपटॉपची केबल काढली आणि तो उचलून नेला. त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. बाहेर आल्यावर तिने तेवढेच मागितले. मॅनेजर म्हणाले, कंपनीच्या मशीनवर घरचे फोटो ठेवण्याची परवानगी कुणी दिली होती? संध्याकाळपर्यंत तो लॅपटॉप कोरा झाला.

मग ते माझ्याकडे वळले.

"आपण समाजसेवा करता वाटतं? फार छान. मग उरलेल्या तिघांना आपणच सांगा."

मी सांगितलं. एकजण ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे तुम्ही सकाळपासून केबल बदलत होता ते काय होतं?" मी म्हणालो, पहिला तासभर खरंच शोधत होतो. त्याने हातानेच पुरे म्हणून सांगितलं.

त्या क्लायंटचं काम कंपनीला मिळालं. तिने दाखवलेला डेमो पुढे कित्येक दिवस नव्या क्लायंटना दाखवला जायचा. तिच्या खुर्चीवर कुणी आलं नाही. तिचं काम शेजारच्या मुलीच्या कामात मिसळून दिलं गेलं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. ती गावी परतली होती, तालुक्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती. तिथल्या लॅबमध्ये निम्म्या मशीनना पत्ता मिळत नव्हता. मी म्हणालो, आधी एक वेगळं मशीन लावून बघा. ती म्हणाली, बघितलं, त्यालाही मिळत नाही. मग पत्ते संपलेत का ते बघा, असं मी सांगितलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, तेच निघालं, राउटरला फार थोडे पत्ते वाटायला ठेवले होते.

मी विचारलं, तिथे बरं चाललंय ना?

"चाललंय," ती म्हणाली. "इथे नेट गेलं की नेटच गेलेलं असते."