पाव पटीचं उत्तर

औरादकडच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. एक अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण एका अणूएवढ्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची किमान गतिज ऊर्जा काढा, हा प्रश्न माझ्या प्रत्येक चाचणीत असतो. जागा अरुंद केली की संवेगातली अनिश्चितता वाढते, म्हणून इलेक्ट्रॉनला गप्प बसताच येत नाही. हे सांगताना मलाही मजा येते. माझ्या वहीत उत्तर ठरलेलं: ३.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

यंदा ठाणाकुशनूरहून येणाऱ्या एका मुलीनं ०.९५ लिहिलं. मी लाल पेनानं शून्य ठोकून दिलं. पाचातलं ते शून्य तिला महागात पडलं. दोन गुणांनी ती चाचणीत नापास झाली, आणि चाचणी गेली की वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. कडगंचीच्या विद्यापीठात एम.एस्सी. करायचं तिनं मनात धरलं होतं, ते वर्षभर लांबणार होतं.

ती स्टाफरूममध्ये आली. "सर, शून्य कामून दिलात?"

"फळ्यावर चारदा लिहून दिलंय. ३.८." मी चिडलोच होतो.

"तुमी संवेगाला एच-बार भागिले जागा धरलात. म्या त्याच्याबी निम्मं धरले. अनिश्चिततेच्या नियमात खालची हद्द तीच हाय न्हाई का?"

एच-बार, म्हणजे प्लँकचा स्थिरांक, तोच ठेवून मी तिच्याच पेपरच्या पाठीमागे मांडून पाहिलं. संवेग निम्मा, ऊर्जेत संवेगाचा वर्ग, म्हणजे ऊर्जा पाव. ३.८ला चारनं भागलं, ०.९५ आलं. माझं उत्तर ढोबळ अंदाजाचं, तिचं नियमाला जास्त धरून. अंदाजच करायचा तर दोन्ही चालतात, हे मीच दरवर्षी तोंडानं सांगतो आणि तपासताना विसरतो.

"व्हय, माझं चुकलं," मी म्हणालो आणि पाचपैकी पाच दिले. ती हसली नाही, पेपर घेऊन सरळ कारकुनाच्या खिडकीकडे गेली. तिचं खरं होतं, आभार कशाचे मानायचे?

मग भीती वाटली, असं आणखी किती जणांचं केलं असेल? उरलेले सगळे पेपर पुन्हा काढले. शून्य आणखी कुणालाच दिलं नव्हतं. जरा हायसं वाटलं. पण वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या पेपरात, मी कौतुकानं दिलेल्या पाच गुणांच्या वर, चार ओळी खोडलेल्या दिसल्या. शाईखालून ०.९५ स्पष्ट वाचता येत होतं, आणि खाली नव्यानं ३.८ लिहिलेलं होतं.

तिला बोलावून विचारलं, हे खोडलंस का?

"तुमचं उत्तर येईना गेलं सर," ती सहज म्हणाली, "म्हनून माझंच चुकलंय म्हनलं."