गप्प झालेलं दूध

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे दूधबाई म्हणत. सगळ्या वॉर्डांचं सकाळचं दूध तिच्या हातून तापून जायचं. दुसऱ्या कुणी पातेल्याला हात लावलेला तिला खपत नसे. स्वभावाने बाई काही गोड नव्हती. पण इतक्या वर्षांत तिच्या शेगडीवरून दूध उतू गेलं नव्हतं, आणि त्या एका गोष्टीवर तिचं नाक कायम वर असायचं.

आणि बाई दुधाकडे पाठ करून उभी राहायची! मागे भलंमोठं पातेलं तापतंय आणि ही समोरच्या ओट्यावर पावांना लोणी लावतेय. नवीन बायकांचा जीव टांगणीला लागायचा. तेव्हा ती ठसक्यात सांगायची, "दूध बघायचं नसतं गं, ऐकायचं असतं."

तिचं म्हणणं खरं होतं. पातेल्याचा तळ आधी तापतो. तिथे वाफेचे बारीक बुडबुडे सुटतात, पण वरचं दूध अजून गार असतं, त्यामुळे ते मधेच विरतात. त्यांचं ते विरणं म्हणजेच दुधाचं सूं सूं. सगळं दूध तळापासून वरपर्यंत तापलं की बुडबुडे विरायचे थांबतात आणि आवाज बसतो. दूध गप्प झालं, की ते आता वर यायला निघालं असं समजायचं. पाण्याचा बुडबुडा वर येतो, फुटतो आणि मोकळा होतो. दुधातल्या बुडबुड्याभोवती मात्र प्रथिनांचं पातळ कातडं बसतं, तो लवकर फुटत नाही. वर साय धरलेली असते. तापून उलगडलेली प्रथिनं एकमेकांत गुंततात, त्यांत दुधाचा स्निग्धांश अडकतो आणि त्याचंच ते झाकण होतं. खालून वाफ येतच राहते, वरून बाहेर पडायला वाट नाही. मग फुटतात त्यापेक्षा जास्त बुडबुडे साठतात, फेस सायीला उचलतो आणि पापणी लवायच्या आत काठावरून खाली. तेवढ्या वेळात आच कमी केली किंवा पळीने साय फाडून दूध हलवलं, की वाफ सुटते आणि फेस मुकाट्याने खाली बसतो.

दूधबाईला तेवढा वेळ पुरायचा. दूध गप्प झालं की ती वळायची, बटण फिरवायची, पळी घालायची.

पण वय कुणाला सोडतं? कान गेले तेही असे लबाडीने गेले, की आधी बारीक आवाज नेले आणि माणसांचं बोलणं ठेवलं. समोरचा बोलला की ओठ बघून कळायचं, जवळ येऊन मोठ्याने बोलला तर कळायचंच. दुधाचं सूं सूं मात्र केव्हाच बंद झालं होतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. शेगडी गेली तर आपल्याला भांडी घासायला बसवतील, ही भीती तिच्या मनात घर करून होती. आणि गंमत म्हणजे दूध उतू जात नव्हतं! वेळ झाली की तिला आपोआप वळावंसं वाटायचं. तिने स्वतःची समजूत घातली, कान गेले तर गेले, अंगात मुरलंय आता.

तिची धाकटी जाऊ तिच्याच शेजारी पाव कापायची. एका घरात राहायच्या, एका चुलीवरचं जेवायच्या, एकाच ओट्यावर काम करायच्या. धाकटी गरीब स्वभावाची, पण धसमुसळी. काम करताना तिचं कोपर सारखं थोरलीला लागायचं. "सरळ उभी राहा की गं, अंगावर काय येतेस!" म्हणून थोरली तिला चारचौघांत फटकारायची. धाकटी हसून सोडून द्यायची.

त्या सकाळी साखर संपली म्हणून धाकटीला कोठीत पाठवलं होतं. थोरली एकटीच पावांना लोणी लावत होती. अंगात मुरलेलं ते काही आज जागं झालं नाही. धाकटी डबा घेऊन दारात आली आणि तिने पाहिलं, पातेल्यावरची साय फुगून वर चाललीय. ती दारातूनच ओरडली. पाठमोरी थोरली लोणी लावत राहिली. डबा टाकून धाकटी धावली, तिने बटणाला हात घातला आणि त्याच क्षणी दूध काठावरून कोसळलं. तिचा हात कोपरापर्यंत भाजून निघाला.

किंकाळी मात्र थोरलीला ऐकू आली.

सुपरवायझर धावत आला. जमिनीवर दूध, शेगडी विझलेली, गॅसचा वास, आणि धाकटीचा लालभडक हात अजून बटणाशी. "आच कोणी वाढवली?" त्याने विचारलं. खरं सांगायचं तर कानांचं सांगावं लागणार होतं. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "हिनंच. बटणावर हात कुणाचाय बघा ना. मी असताना कधी गेलंय का उतू?"

धाकटीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. वेदनेने तिला बोलता येत नव्हतं, की बोलायचंच नव्हतं, देव जाणे. तिला वरच्या मजल्यावर मलमपट्टीला नेलं आणि हात बरा व्हायच्या आत कामावरून काढूनही टाकलं. दूधबाईची शेगडी शाबूत राहिली. शाबासकीही मिळाली, म्हणजे बघा.

पण आता काय झालं, की दूध रोज उतू जायला आलं. दर वेळी कुणीतरी जवळ येऊन ओरडावं, तिने धडपडत वळावं. अंगात मुरलेलं गेलं कुठे? आठवडाभर तिने डोकं शिणवलं. मग एका सकाळी नव्या आलेल्या बाईचा धक्का तिला लागला, सवयीने ती मागे वळली, आणि दूध थंडच होतं. पळी हातात धरून ती उभीच राहिली. धक्का लागला की वळायचं, एवढंच काय ते तिच्या अंगात मुरलं होतं. धाकटीचं ते कोपर! दूध गप्प झालं की ती मुद्दाम ढोसायची, आणि वर बोलणी खायची.

तिला स्वतःची किळस आली. पदराने हात पुसत ती थेट सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. कान, कोपर, खोटं, काहीच राखलं नाही. त्याने कपाळाला हात लावला. "आता सांगताय? तिच्या जागी दुसरी आली. उद्यापासून तुम्ही भाज्या निवडा." धाकटीबद्दल तो आणखी काही बोलला नाही.

घरी आली तेव्हा धाकटी चुलीपाशी बसली होती. एका हाताने दूध तापवत होती. भाजलेल्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती. थोरली दारातच उभी राहिली. "सांगितलं गं मी साहेबांना सगळं. चुकलं माझं. तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस कधी?"

धाकटीची पाठ तिच्याकडे होती. तिने पळीने साय बाजूला केली, आच कमी केली. मग खांदे किंचित हलले. ती काहीतरी बोलली, बरंच काही बोलली असावी, पण मागे वळली नाही. थोरलीला एक अक्षर कळलं नाही. शिव्या होत्या की माफी होती, हे पुन्हा विचारायचं तोंड आता तिला राहिलं नव्हतं.